पाठमोऱ्या नातवाचा व्हिडिओ

मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून एक लांबट खोली आहे. तिथे फाटक्या चादरींना ठिगळं लावतात, झग्यांचे तुटलेले बंद शिवतात आणि जे शिवण्याच्या पलीकडे गेलं त्याची पुसणी करतात. भिंतीपलीकडची धुलाईयंत्रं दिवसभर घुमत असतात, त्यामुळे खोलीत बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. आक्काला ओरडून बोलायची सवय कधी लागली नाही. तिच्या शेजारच्या मशीनवर बसणारीला मात्र ती जन्मजात होती, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. रेडिओ बंद करायचं बटण देव लावायला विसरला, असं आक्का म्हणायची, आणि ते रेडिओला स्वतःलाही पटायचं.

व्हिडिओचं काम रेडिओकडे जाणं ओघानेच आलं. नात्यागोत्यात कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवृत्त होवो, रेडिओ फोनमधले फोटो गोळा करायची, मागे गाणं लावायची आणि कडेने गुलाब उधळून सगळ्यांना पाठवून द्यायची. काहीजण तिचा नंबर बघूनच फोनचा आवाज बंद करत. पण आक्काच्या लेकीने सांगितलं होतं की नातवाच्या वर्गात वाढदिवसाला घरच्यांनी केलेला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावतात, आणि यंदाचा आजीने करायचा. लेक दूरच्या शहरात. नातू आठवीत जायला अजून बराच अवकाश होता, पण वयाने तो आठचा होत होता. घरात त्याला मुंगळा म्हणत, कारण एकदा चिकटला की सुटत नसे.

"गुलाब नकोत हं," आक्काने आधीच बजावलं.

"गुलाबांशिवाय व्हिडिओ म्हणजे मिठाशिवाय जेवण. पण तुझा नातू, तुझी मर्जी," असं म्हणत रेडिओने आक्काचा फोन हातात घेतला.

लेकीकडून वर्षानुवर्षं आलेले फोटो आक्काने एका अल्बममध्ये साठवले होते. रेडिओने फोनला सांगितलं की यातून आठवणींचा व्हिडिओ कर. एवढं सांगितलं की पुढचं फोन बघतो. कुठले फोटो घ्यायचे, कुठला किती वेळ दाखवायचा, कुठल्या ठेक्यावर बदलायचा, सगळं त्याचं तोच ठरवतो. दोघींनी डबा उघडेपर्यंत व्हिडिओ तयार होता. सुरुवातीला टोपड्यातला मुंगळा, मग रांगणारा, मग बोळक्या तोंडाने हसणारा. मागे उड्या मारणारी धून. धुलाईयंत्रांच्या घरघरीत ती अर्धीच ऐकू येत होती. इतक्यात भांडाराचा साहेब दारात उभा राहिला, संध्याकाळच्या आत इतके झगे हवेत म्हणून. आक्काने घाईघाईने "पाठवा" दाबलं आणि फोन पिशवीत टाकला. तळघरात नेट धड नव्हतं. व्हिडिओ गेला तो ती जिना चढून रस्त्यावर आल्यावर.

लेकीचा फोन आला तेव्हा आक्का घरी पाय धूत होती.

"आई, तू पाठवलेला व्हिडिओ बघितलास का?"

"बघितला की. टोपडं किती गोड दिसतंय त्यात."

"शेवटपर्यंत बघितलास?"

लेकीच्या आवाजाला धार आली की ती चिडलेली नसते, दुखावलेली असते, हे आईला ठाऊक होतं.

"आधी बघ. मग मला फोन कर," लेक म्हणाली आणि ठेवून दिला.

आक्काने ओल्या पायांनीच बाजेवर टेकून व्हिडिओ लावला. टोपडं झालं, रांगणं झालं, बोळकं झालं. धून उड्या मारत होती. मग एक केक आला, मेणबत्त्या पेटलेल्या, पण फुंकणारं कुणी नाही. मग एक सायकल, भिंतीला टेकून ठेवलेली. दारातले छोटे बूट. मग नदीच्या काठावर पाण्याकडे तोंड करून उभा असलेला मुंगळा. मग शाळेच्या फाटकातून आत जाणारा मुंगळा, पाठीवर दप्तर. जिना चढणारा. बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला, नुसते केस दिसत होते. वयाची चार वर्षं झाल्यानंतर त्या पोराला तोंडच नव्हतं. प्रत्येक फोटोत तो कुठेतरी निघाला होता, आणि एकाही फोटोत मागे वळून बघत नव्हता. शेवटी रिकामा झोपाळा आला, त्याच्यावर धून थांबली.

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"फोननेच निवडलेत गं फोटो," तिने लेकीला सांगितलं. "मी नाही."

"फोनने निवडले आणि तू पाठवलेस."

"साहेब आला होता..."

"आई, एक सांगू? रागावू नकोस. तू त्याच्याकडे बघत नाहीस, हे मला कधीचं कळतंय. आम्ही येतो तेव्हा त्याला वाढतेस, त्याची बटणं लावतेस, पण मान खाली घालून. व्हिडिओ कॉलवर तो समोर आला की तुला दूध उतू जातंय ते आठवतं. मी म्हणायचे, जाऊ दे, वय झालं. आता फोनलाही कळलं म्हणायचं. तो विचारत होता, आजीला माझी पाठच आवडते का. मी काय सांगू? राहू दे तू. मीच करते दुसरा."

"थांब," आक्का म्हणाली. "कधी दाखवायचाय?"

"परवा."

"उद्यापर्यंत मी करते. नीट करते. माझ्या हातून होऊ दे."

लेकीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आक्काला कळत होतं की हा व्हिडिओ आता वाढदिवसाचा राहिला नव्हता. पुन्हा पाठमोरा पोरगा गेला असता, तर लेकीनेही पाठ फिरवली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं.

लेकीचं म्हणणं खोटंही नव्हतं. लेकीला एक धाकटा भाऊ होता. सहा वर्षांचा असताना एका तापात गेला. त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे, घ्यावंच लागलं तर धाकटा म्हणत. मुंगळा चार वर्षांचा झाला आणि एक दिवस दारात उभा राहून त्याने मान अशी वाकडी केली, की आक्काच्या हातातलं भांडं खाली पडलं. तेव्हापासून ती त्याच्या गुडघ्यांशी, बटणांशी, बुटांशी बोलायची. चेहऱ्यापर्यंत जायचं धाडस तिला व्हायचं नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फोनला तर नाहीच नाही.

तिने अल्बम उघडून बघितला. फोटो होते. हसणारा, रडणारा, आईस्क्रीमने माखलेला, सगळे होते. म्हणजे फोटो गेले नव्हते. फोनने ते बघून बाजूला ठेवले होते. तिने रेडिओने केलं तसंच करून पुन्हा व्हिडिओ बनवला. या वेळी केक वेगळा होता आणि पाठमोरा मुंगळा पावसात उभा होता. तोंड नव्हतंच. आक्काने फोन उशीखाली सारला, मग तिथूनही काढला आणि कपाटात ठेवला. नवऱ्याने विचारलं, फोन कपाटात कशाला? ती म्हणाली, तापलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर बसायच्या आधीच तिने रेडिओला गाठलं. रेडिओने व्हिडिओ बघितला आणि तिचंही तोंड उतरलं.

"बाई गं," ती म्हणाली. "हे काय भलतंच?"

"तूच सांग. तुला कळतं यातलं."

"मला गुलाब लावता येतात, आक्का. भुतं काढता येत नाहीत." पण तिने बोटं फिरवायला सुरुवात केली होती. फोन फोटोंतले चेहरे ओळखतो आणि प्रत्येक माणसाचे फोटो एकत्र करून ठेवतो. एकेका माणसाचा एकेक गोल, गोलात चेहरा, गोल दाबला की त्या माणसाचे सगळे फोटो. रेडिओने मुंगळ्याचा गोल उघडला. आत टोपडं, रांगणं, बोळकं. पुढे काही नाही.

"मग मोठेपणीचे गेले कुठे?" रेडिओ पुटपुटली. तिने गोलांची रांग खाली सरकवली. आक्का, तिचा नवरा, लेक, जावई, एक शेजारीण. आणि मग एका गोलात, मान किंचित वाकडी केलेला, एक दात पडलेला पोरगा.

आक्काने तोंड फिरवलं. रेडिओचं बोट हवेत राहिलं.

"तोच ना गं?" तिने हळू विचारलं. रेडिओ हळू बोलली, ही त्या खोलीत नवलाची गोष्ट होती.

दोनेक वर्षांपूर्वी हा फोन नवा असताना जुन्या फोनमधले सगळे फोटो यात भरले गेले, आणि त्यांच्याबरोबर धाकटाही आला. मग फोनला सवयच लागली. कधी सकाळी, कधी भर कामात, "या दिवशी, काही वर्षांपूर्वी" असं म्हणत तो धाकट्याला घेऊन यायचा, वर मंद धून लावून. एकदा मशीन चालू असताना आला आणि सुई आक्काच्या बोटात गेली. तेव्हा रेडिओनेच तोडगा काढला होता. आठवणींच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या चेहऱ्यावर "लपवा" केलं. "फोटो कुठे जात नाहीत," ती तेव्हा म्हणाली होती. "नुसतं ठिगळ लावलं समज. भोक आहे तिथेच आहे, दिसणार नाही एवढंच." त्यानंतर फोनने धाकट्याला पुन्हा कधी आणलं नाही, आणि आक्का त्या गोलाच्या वाटेला कधी गेली नाही.

"उघड," आक्का आता म्हणाली.

गोल उघडला. आधी धाकट्याचे फोटो, बारके, धुरकट, जुन्या फोनचे. चड्डीतला. न्हाव्याच्या खुर्चीत. बहिणीच्या मांडीवर. आणि मग, मध्ये कसलाही खंड न पडता, स्वच्छ, मोठे, रंगीत फोटो. धाकटा शाळेच्या फाटकात. धाकटा सायकलवर, जी त्याला कधी घेऊन दिलीच नव्हती. धाकटा अशा घरात, जे त्याने कधी पाहिलं नव्हतं, अशा माणसाच्या कडेवर, जो घरात जावई म्हणून तो गेल्यावर आला. दात पडलेल्या जागी नवा दात आला होता. पुढे शेजारचाही आला. सहाव्या वर्षी गेलेला पोरगा तिथे सातचा झाला होता आणि आठचा व्हायला आला होता. ठिगळाखाली, कुणाला पत्ता लागू न देता, तो वाढत राहिला होता.

धुलाईयंत्रं मध्येच थांबली. पाणी बदलायच्या वेळी थांबतात तशी. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की दोघींनी वर बघितलं.

"फोनला वाटलं, हा तोच," रेडिओ म्हणाली. "मोठा होता होता तोंडवळा तसा झाला असेल, म्हणून त्याचे फोटो इकडे टाकले. आणि याला तर आपण लपवलेलं. म्हणून मुंगळाही लपला. जिथे तोंड दिसत नाही, तेवढे फोटो सुटले. फोनची चूक आहे, आक्का. दुसरं काही नाही."

"माझीही हीच चूक होते," आक्का म्हणाली.

रेडिओने फोन आपल्याकडे ओढला. "सोपं आहे. फोनला निवडूच द्यायचं नाही. आपण हाताने फोटो निवडायचे, ओळीने लावायचे, वर गाणं टाकायचं. हाताने निवडलेला फोटो तो टाळत नाही. जेवणाच्या सुट्टीत होऊन जाईल. या गोलाला हात लावायलाच नको."

"आणि त्याला तिथेच ठेवायचं?"

"कुणाला?"

"मुंगळ्याला. गेलेल्याच्या नावावर. माझ्या लेकीचं जिवंत पोर आहे ते, रेडिओ."

"मग वेगळे काढावे लागतील. एकेक फोटो बघायचा, हा मुंगळा म्हणून खूण करायची, आणि शेवटी यातून काढून टाक म्हणायचं. पण ते मी नाही करू शकत गं. मी दोघांनाही नीट ओळखत नाही."

आक्काने मान डोलावली. त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबाने कारण विचारलं, तर रेडिओनेच परस्पर उत्तर दिलं, "नातवाला आणायला जायचंय तिला."

घरी नवरा खिडकीशी एक जुना टॉर्च खोलून बसला होता. आयुष्यभर पहारेकरी म्हणून काम केल्यामुळे त्याला दिवसा झोप येत नसे आणि रात्री येते आहे याची अजून खात्री पटत नसे. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता. आक्काने त्याच्यासमोर आपला फोन ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. धाकट्याला लपवल्याचंही सांगितलं.

त्याने टॉर्चचा स्प्रिंग हातात धरूनच ठेवला. "तू लपवलास होय," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं..."

"तू आंघोळीला गेलीस की मी तुझा फोन बघायचो. सकाळी यायचा ना तो, गाणं घेऊन. मग एकाएकी यायचा बंद झाला. मला वाटलं, फोनही विसरला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "रोज बघायचो तरी. आज येईल, उद्या येईल."

आक्का त्याच्या शेजारी खाली बसली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात एका खोलीत राहून दोघं एकाच माणसाची वाट बघत होती. एक यावा म्हणून आणि एक येऊ नये म्हणून.

"सांगायचं नाही का?"

"तुला त्रास झाला असता."

तिने आधी धाकट्यावरचं "लपवा" काढून टाकलं. रेडिओने कुठे दाबायचं ते दाखवून दिलं होतं. मग गोल उघडला आणि दोघं बघू लागली. जुन्या फोटोंपाशी नवरा हसला, न्हाव्याच्या खुर्चीपाशी तर मोठ्याने. मग सायकल आली. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"हा कधीचा?" त्याने विचारलं.

त्याला कळायला जो काय वेळ लागला, तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पोरगा जन्मला त्या दिवशी. मग ते निघून गेलं. त्याने फोन परत दिला.

"मुंगळा," तो म्हणाला.

"हो."

"कर खूण."

ती खुणा करत गेली. शाळेच्या फाटकातला, मुंगळा. आईस्क्रीमवाला, मुंगळा. प्रत्येक फोटो बघावा लागत होता, नीट, चेहऱ्यात डोळे घालून, कारण दुसरा काही मार्गच नव्हता. आणि बघता बघता तिला दिसू लागलं की मुंगळ्याच्या भुवया जावयाच्या आहेत. कान तर थेट व्याह्यांचे, सुपासारखे. डाव्या गालावर एक बारीकसा तीळ होता, आणि तो तिने याआधी पाहिलाच नव्हता. पण एकेक खूण होत होती तसा दुसराही मागे मागे जात होता. आठचा राहिला नाही, सातचा राहिला नाही. त्याची सायकल गेली, नवे दात गेले. शेवटी "काढून टाका" दाबताना तिचं बोट थांबलं. नवऱ्याने तिच्या बोटावर बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं. धाकटा पुन्हा सहाचा झाला आणि तिथेच थांबला.

एवढं झाल्यावर फोनला काहीतरी उमगलं असावं. त्याने आपण होऊन दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ही तीच व्यक्ती आहे की वेगळी? डावीकडे मुंगळा, तीळ स्पष्ट दिसत होता. उजवीकडे खिडकीत बसलेला एक पोरगा, उजेड मागून आलेला, चेहरा निम्मा अंधारात; असे धुरकट फोटो लेकीकडूनही यायचे. फोटोवरची तारीख नवा फोन घेतला त्या दिवसाची होती. जुन्या फोनमधून आलेल्या काही फोटोंवर ती तशीच पडली होती, आणि लेकीने त्याच सुमारास पाठवलेल्या फोटोंवरही. त्यामुळे तारखेचा उपयोग नव्हता.

"हा कोण?" आक्काने विचारलं.

नवऱ्याने चष्मा पुसून पाहिलं. "आपला," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. थांब."

गाल उजेडाविरुद्ध होता, तीळ आहे की नाही ते दिसत नव्हतं. कान केसांत. खिडकी कुठलीही असू शकली असती. आई होती ती, आणि तिला ओळखता येत नव्हतं. खाली तीन पर्याय वाट बघत होते: तीच, वेगळी, खात्री नाही. तिने तो फोटो लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, हा कोण?

बराच वेळ काही आलं नाही. लेक लिहिते आहे असं दिसायचं, मग थांबायचं, मग पुन्हा दिसायचं. शेवटी फोनच आला.

"आई, मला सांगता येत नाहीये," लेक म्हणाली. "माझंच पोर ना गं. मला कसं कळत नाही?"

आक्काने मग तिला सगळं सांगितलं. गोलाचं, ठिगळाचं, दारात वाकडी झालेल्या मानेचं.

"म्हणून तुला दूध आठवायचं," लेक शेवटी म्हणाली.

"म्हणून."

"मला वाटायचं, माझा तुला आवडत नाही."

"अगं, मला भीती वाटायची. त्याच्याकडे बघितलं की मी दुसऱ्यालाच बघेन, आणि ते त्याला कळेल. पोरांना कळतं."

"हो," लेक म्हणाली. "कळतं." मग नाक ओढून म्हणाली, "व्हिडिओ कर तू. आणि गुलाब घातलेस तर बघ."

आक्काने फोटो हाताने निवडले. टोपड्यापासून सुरुवात केली आणि कालपरवापर्यंत आणलं, प्रत्येकात तोंड समोर. उड्या मारणारी धून काढून तिने दुसरी निवडली, साधी, चालीवर पाय हलावा अशी, आणि दर फोटोला थोडा जास्त वेळ दिला, बघणाऱ्याला बघता यावं म्हणून. खिडकीतला फोटो तिने आधी वगळला. मग मध्ये घातला. मग पुन्हा काढला. नवरा म्हणाला, "असू दे." "कुणाचा म्हणून असू दे?" "ज्याचा असेल त्याचा." तो फोटो राहिला. पाठवायच्या आधी दोघांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं कपाळ दिसलं, मग मुंगळा थोडा मागे सरकला.

"आजी, सगळ्यांना आवडला. बाई म्हणाल्या, आजीला फोन छान येतो."

"मग? येतोच."

"पण त्यातला एक फोटो माझा नव्हता." त्याने आवाज खाली आणला. "खिडकीतला. ती खिडकी आमच्याकडे नाही. मी वर्गात कुणाला सांगितलं नाही पण."

आक्काच्या मागे नवरा येऊन उभा राहिला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तो तुझा मामा आहे."

"तो केवढा आहे?"

"सहा वर्षांचा."

"अजून?"

"अजून."

मुंगळ्याने यावर विचार केला. मान किंचित वाकडी झाली, आणि आक्काने खाली बघितलं नाही.

"मग मी त्याच्यापेक्षा मोठा आहे," तो म्हणाला.

"हो," आक्का म्हणाली. "तू मोठा आहेस. जरा उजेडाकडे तोंड कर बघू. हं. असं. असाच थांब थोडा वेळ."